खांद्यावरचा हात

प्रिय कावेरीताई,

तीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पाकीट फोडशील की नाही, देव जाणे. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, तुझं देवगड इथून काही फार दूर नाही, तरी तुझं नाव घरात न घेण्याची सवय आमच्याकडून मोडली नाही.

गेल्या आठवड्यात चतुर्थीच्या रंगकामासाठी भिंतीवरचे फोटो उतरवले. मालवणच्या स्टुडिओत काढलेला आपला फोटो माझी आठ वर्षांची अवनी पुसत होती. खुर्च्यांवर आई-बाबा, मागे मी, आणि आईच्या खांद्यावर बांगड्या घातलेला एक हात. मनगटापुढे फोटोच संपतो.

"आजी, ह्यो हात कोणाचो गो?"

आई कुळीथ निवडत होती. म्हणाली, फोटोवाल्याचा. त्यावर अवनी म्हणाली, "फोटोवालो बांगड्यो घालता?" मग आईने शेजारीण सांगितली. शेजारणीचं नाव काय, ते मात्र तिला सुचेना. पोरगी हटेना, तेव्हा सूप बाजूला ठेवून आई हळूच म्हणाली, "माझ्या चेडवाचो."

ताई, 'माझी मुलगी' असं तिच्या तोंडून इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं. मग तिने मला चौकट उघडायला सांगितलं. मी टाळत होतो, पण ती बघत राहिली. मागचे गंजलेले खिळे पक्कडीने काढले. फोटोची एक बाजू पाठीमागे दुमडलेली होती, तिथे तू उभी होतीस. पण एवढ्या पावसाळ्यांच्या ओलीने तो भाग पुठ्ठ्याला चिकटला होता. सुरीचं पातं घालून जपून सोडवला, तरी चेहऱ्याचा पापुद्रा पुठ्ठ्यावरच राहिला. खाली साडीचा काठ तेवढा शाबूत.

अवनीने विचारलं, आत्या दिसायची कशी? आईने सांगायला तोंड उघडलं. नाक तिच्या स्वतःसारखं, म्हणाली. मग नाही, बाबांसारखं. मग डोळे मिटून आठवू लागली.

"माका आठवणा नाय गो," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

त्या मच्छीमाराच्या घरी तू लग्न करून गेलीस, तेव्हा फोटो बाबांनी दुमडला, असंच आई आजवर समजते. बाबांनी फक्त चौकट माझ्यापुढे ठेवली होती. दुमडला मी. घडी नीट बसावी म्हणून अंगठ्याचं नख वरून खाली ओढलं. रोज देवापुढे हात जोडतो, पण हे त्यालाही कधी सांगितलं नाही. आईला आज संध्याकाळी सांगणार आहे.

तुझा एखादा फोटो पाठव, एवढंच लिहायला बसलो होतो. फोटो नको, ताई. आईच्या एका डोळ्याचं दिसणं गेलंय, दुसऱ्याचंही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तिला दिसतंय तोवर ये.

तुझाच अपराधी भाऊ,
काशिनाथ