साबणाच्या जाहिरातीतलं अख्खं गाणं

तीर्थरूप मामा,

गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार (त्याखाली माझी कंबर जात नाही, मनाने पायांपर्यंत पोचलोय असं धरा). तब्येत कशी आहे? मामींनी तुमचं गोड बंद केलंय की तुम्ही मामींचं ऐकणं बंद केलंय, तेही कळवा. इकडे आई सोडून सगळे मजेत. गेल्या महिन्यात सगळे जमलो होतो तेव्हा, साबणाच्या त्या जुन्या जाहिरातीत मी गायले होते असं ती म्हणाली आणि तुम्ही पुन्हा तिची टर उडवलीत ना, "ताई कोरसमध्ये होती, फक्त माईक बंद होता," आणि नातवंडंही खो-खो हसली, तेव्हापासून तिने ते गाणं गुणगुणणंच सोडलंय. मला काही ते बघवेना. म्हटलं, अख्खं गाणं शोधून मामांच्या कानाशी वाजवायचंच.

आधी मोबाइलला गाणं ओळखायला लावलं. त्याला त्याच्या साठ्यातलीच गाणी कळतात, कॅसेटवर कधी न निघालेली जाहिरात बिचाऱ्याला कुठून माहीत? त्याने बेधडक एक परदेशी अंगाई सांगितली. मग जुन्या जाहिराती जमवणाऱ्यांच्या ग्रुपात शिरलो (लोकांनी घरी टेप केलेल्या मालिका ही मंडळी जपतात आणि मालिका पुढे ढकलून मधल्या जाहिराती बघतात). तिथे आपली जाहिरात मिळाली, पण टीव्हीवरची, वीस सेकंदांची. त्यात बाई एकटीच गाते! एकाने समजावलं की गाणं आधी मिनिटाचं बांधायचे, रेडिओ आणि थिएटरसाठी, आणि टीव्हीला त्याचं शेपूट द्यायचे. म्हणून आई सांगते तो रेकॉर्डिंगचा स्टुडिओ गाठला, तर तिथे गाद्यांचं दुकान (एक उशी गळ्यात पडली, ती कशी ते विचारू नका). गादीवाल्यानेच म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टचा पत्ता दिला. त्याच्या कपाटात बायकोच्या चादरींखाली त्या गाण्याच्या टेपचं स्पूल होतं! पण टेप चिकट झालेली. तशीच लावली असती तर गाणंच खरवडून निघालं असतं. त्याने ती तासन्तास मंद उबेत शेकली आणि पहिल्याच फेरीत कॉम्प्युटरवर उतरवली, कारण शेकलेली टेप फार दिवस टिकत नाही. आणि मामा, दोन कडवी निघाली, मागे चार बायका, त्यांत आई! मी चक्क रडलो हो. त्याने डोळे पुसायला फडकं दिलं, ते मशीन पुसायचं निघालं. घरी तपकिरी तोंडाने आलो.

मामींना नमस्कार, तुम्हाला तूर्त अर्धाच.

तुमचा भाचा

ता.क. शेवटचा टेक सगळ्यांत सुरेख आहे, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तिथे खणकन पेला पडतो आणि कोणीतरी म्हणतं, "सॉरी हं, तहान लागली होती." आवाज तुमचा आहे. ताईच्या सोबतीला तुम्हीच गेला होतात ना? रेकॉर्डिस्ट म्हणाला, तेव्हा सगळे एकत्रच गायचे, तेवढा आवाज पुसता येईना. स्टुडिओची वेळ संपत आलेली, म्हणून जाहिरातवाल्याने कोरसला घरी पाठवलं आणि बाईंकडून शेपूट तेवढं गाऊन घेतलं.

ता.ता.क. आईला ऐकवलं. पेला पडल्यावर म्हणाली, "हा आमचा धाकटा." तिला हे त्याच दिवसापासून माहीत होतं! मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं मी ओरडलोच. तर म्हणे, "त्याला कळलं असतं तर तो माझी थट्टा करायचा थांबला असता रे. मग बोलला कशावरून असता?" तेव्हा मामा, रविवारी या. माफीबिफी मागू नका, मी लिहिलंय हेही सांगू नका. पेला पडला की हवं तेवढं हसा. तोवर मात्र गप्प बसून ताईला ऐका.