एका कवितेची तपासणी

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प: रोज दहा ओळी, मुद्देसूद. भावनिक मजकूर टाळायचा.
ऑफिस ठीक. गाडीविम्याच्या खात्यात विसंगती माझ्याइतकी कोणी पकडत नाही, हे साहेबही मान्य करतात (तोंडावर नाही). आजचा नमुना: एक गृहस्थ वर लिहितात, गाडी उभी होती. खाली लिहितात, मी जोरात ब्रेक मारला. उभ्या गाडीला ब्रेक. क्लेम नामंजूर.
घरी आलो तर बायकोने एक कागद हातात दिला. कविता. तिने लिहिलेली, माझ्यावर. वाच आणि काय वाटतं ते शुक्रवारपर्यंत सांग, म्हणाली. तिच्या वाचनमंडळात द्यायची असेल.
शुक्रवारीच तिला ती काम करते त्या लॅबलाही उत्तर द्यायचंय. दुसऱ्या गावात त्यांची नवी शाखा निघतेय, तिथे प्रमुख म्हणून जाणार का, असं विचारलंय. गेली तर तिथेच राहावं लागेल. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, निर्णय तुझा. मी कशाच्या आड येत नाही. एकाच दिवशी दोन कामं अंगावर घेतली, हे मात्र चुकलंच तिचं.
कविता वाचली. काही वाटलं नाही.

४ मार्च, मंगळवार
संदर्भासाठी कविता इथे उतरवतो.

तुझ्याजवळ बसले की मी सर्वांत दूर असते,
दूर गेले की तू उशीइतका जवळ.
तुझी बोलकी शांतता, माझी मुकी बडबड.
ओळखीच्या परक्या,
तुझ्या या गारठलेल्या उबेत
मी रोज निघते आणि रोज राहते.
तू मला कधी दुखावलं नाहीस, तेच दुखतं.
तू नसशील तर मी सुटेन. सुटले तर मी उरणार नाही.

ओळीगणिक विसंगती. निघते की राहते? दुखावलं की नाही? असा जबाब घेऊन एखादा माझ्या टेबलासमोर आला असता तर चहा न पाजता परत पाठवला असता. पण बायको आहे. सुधारून देईन.

५ मार्च, बुधवार
मुलीला फोन. साहित्य शिकते, हॉस्टेलवर असते. कविता वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, बाबा, या चुका नाहीत.
तिचं म्हणणं असं. ‘गारठलेली ऊब’, ‘ओळखीचा परका’ या जोड्या आहेत. एकमेकांच्या उलट असलेले दोन शब्द मुद्दाम खेटून बसवलेले. वाक्यही नाही, नुसती टक्कर, ती लगेच जाणवते. ‘कधी दुखावलं नाहीस, तेच दुखतं’ हा विरोधाभास. ते अख्खं विधान आहे. ऐकल्या ऐकल्या अशक्य वाटतं, जरा थांबलं की खरं निघतं. मी म्हटलं, मी थांबलो, काही निघालं नाही. म्हणाली, दुखवायलासुद्धा समोरच्याकडे बघावं लागतं, बाबा.
हे डोक्यावरून गेलं. पण नोंद केली.
मग मी सरळ विचारलं, ‘थोडं आवडतं, थोडं नाही आवडत’ असं लिहायला काय हरकत? म्हणाली, तसं केलं की दोन्ही पातळ होतं. आईला थोडंथोडं काही वाटत नाहीये. दोन्ही पूर्ण वाटतंय, एकाच माणसाबद्दल, एकाच वेळी. गरम आणि गार दोन्ही तसंच ठेवायचं असतं, मिसळून कोमट करायचं नसतं.
मी म्हटलं, कोमट हा शब्द चांगला आहे. ‘गारठलेली ऊब’ऐवजी ‘कोमट’. एका शब्दाची बचत.
म्हणाली, आईशी बोला. मी म्हटलं, बोलायचं काय, लिहून दिलंय की तिने. फोन कट झाला. हॉस्टेलला रेंजचा कायमचा त्रास.

६ मार्च, गुरुवार
हाफ डे घेऊन काम पुरं केलं. ‘कोमट’ शेवटी काढलं. मधला आकडा काढणं म्हणजे आळस, हे मी ज्युनियर लोकांना नेहमी सांगतो. एक बाजू धरली पाहिजे.
कुठली, हा प्रश्न. आमच्याकडे नियम आहे: एकाच माणसाची दोन विधानं जुळत नसतील तर सांगणाऱ्याला जे अडचणीचं, ते खरं धरायचं. अडचणीचं कोणी उगाच सांगत नाही. बायकोने नवऱ्याला ‘ऊब’ म्हणणं सोयीचं. ‘गारठा’ म्हणणं अडचणीचं. म्हणून गारठा. निःपक्षपातीपणा म्हणजे काय, तर माझ्या विरुद्ध जातंय हे दिसत असूनही मी नियम सोडला नाही.
अंतिम मसुदा:

तुझ्याजवळ बसले तरी मी दूर असते.
दूर गेले की दूर.
तुझी शांतता, माझी बडबड.
परक्या, तुझ्या या गारठ्यात
मी रोज निघते.
दुखतं.
तू नसशील तर मी सुटेन.

विसंगती शून्य. एक ओळ कमी. दोनदा वाचला. ‘दुखतं’ ही ओळ एकटीच पडलीय, पण अर्थाला बाध येत नाही. काही वाटलं नाही. हात जरा गार पडले होते. एसी.

७ मार्च, शुक्रवार
सकाळी मसुदा दिला. डबा भरता भरता थांबून, ओट्याला टेकून वाचला तिने. मी चहा घेत होतो. कौतुकाची घाई नव्हती.
विचारलं, तुला हे असं वाटतं? मी म्हटलं, मला नाही, तुला. तुझेच शब्द आहेत, मी फक्त जास्तीचे काढले. म्हणाली, जास्तीचे. मी नियम समजावून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ही तिची जमेची बाजू.
मग म्हणाली, माझ्याच्याने दोन्हीतलं एक सुटत नव्हतं, म्हणून तुला दिलं होतं. मला वाटलं, तू दुसरी बाजू ठेवशील. नाहीतर दोन्ही ठेवशील आणि म्हणशील, हो, मलाही असंच होतं. तू सोडवलंस. बरं झालं.
आभारच मानले म्हणायचे.
बाल्कनीत जाऊन लॅबला फोन केला. हो म्हणाली. डबा ओट्यावरच राहिला. संध्याकाळी मी खाल्ला.

११ मार्च, मंगळवार
तीन दिवस नोंद नाही. कामाचा व्याप.
बायकोने कपाटं आवरायला काढलीत. चांगली गोष्ट आहे, मी कधीपासून म्हणत होतो. तिचे कपडे सगळे बॅगेत, माझे सगळे कपाटात. जागा बरीच झाली.
ती मधूनच माझ्याकडे बघते. मी मान हलवतो. आमच्यात शब्दांची गरज पडत नाही.

१५ मार्च, शनिवार
गेली. स्टेशनवर सोडायला गेलो. बॅगेचं चाक कुरकुरत होतं, त्यावर बोललो. तेल घाल म्हटलं. ती म्हणाली, अजून काही? मी आठवून बघितलं. पाण्याची बाटली घेतलीस का, विचारलं. घेतली होती.
संकल्प: सकाळी व्यायाम. रात्री हलका आहार. एकटा माणूस शिस्तीत राहू शकतो.
काही वाटत नाही. बरंच आहे.

१९ मार्च, बुधवार
व्यायाम उद्यापासून. जेवण उभ्यानेच, ओट्याशी, त्यामुळे ताट लागत नाही. पलंगावर माझ्याच बाजूला झोपतो, दुसरी बाजू तशीच नीट राहते. चादर कमी मळते.
ऑफिसात एका बाईंचा क्लेम. लिहितात, मी घाबरले नव्हते, पण पाय हलेना. यावर शेरा मारायला पेन उचललं आणि साहेब येईपर्यंत तसाच बसलो. साहेब म्हणाले, बरं नाही का? मी म्हटलं, उत्तम आहे.
मुलीचा फोन. म्हणाली, आई निघायचं की राहायचं ठरवत होती आणि बाबा, तुम्ही राहायचं तेवढं सगळं खोडून तिच्या हातात दिलंत. मी म्हटलं, नियमाने केलं. नंतर ओळीनुसार पडताळून बघितलं. मुलीचं म्हणणं बरोबर आहे. ऊब, ओळख, जवळ, राहते: चारही मीच खोडलेले.
तरी विशेष काही वाटलं नाही. तसाच बसून होतो, दिवा लावायचं राहिलं.

२२ मार्च, शनिवार
योजना: उत्तरादाखल मी कविता लिहिणार. तंत्र कळलंय, त्यामुळे अवघड नाही. आजचं उत्पादन:
थंड आग. गोड विष. जिवंत मुडदा. भरलेली रिकामी बादली.
मुलीला पाठवलं. म्हणाली, पहिल्या दोन इतक्या वापरून गुळगुळीत झाल्यात की टक्करच होत नाही. तिसऱ्याला हसू येतं. बादलीचं तर नुसतंच खोटं आहे. उलटे शब्द चिकटवले की जोडी होत नाही, बाबा. दोन्ही शब्द खरे असावे लागतात. आईने तुमची ऊबही अनुभवलीय आणि गारठाही, म्हणून ते धरून राहतं. तुमच्या बादलीत काय आहे?
बादली मी बदलून देईन, म्हणालो.
म्हणाली, बादली राहू द्या. तुम्हाला काय वाटतंय ते लिहा. मी म्हटलं, काहीच वाटत नाही. म्हणाली, मग तेच लिहा.

२३ मार्च, रविवार
सकाळपासून बसलो. बरेच कागद गेले. दुपारी एक ओळ झाली:
मला काहीच वाटत नाही, आणि ते सहन होत नाही.
पुन्हा वाचली. काही वाटत नसेल तर सहन करायला उरतं काय? दोन्ही अर्धे एकत्र टिकत नाहीत. एक अर्धा खोडायला गेलो. दोन्हीकडे हात अडखळला. शेवटी आहे तशी बायकोला पाठवून दिली. उगाच दिवस फुकट जायला नको.
नंतर तोंड धुवायला लागलं. डोळे चुरचुरत होते. नाकही.

२४ मार्च, सोमवार, संध्याकाळ
बायकोचा फोन. तिने स्वतःहून केला. आवाज बसलेला होता. म्हणाली, ओळ परत परत वाचली. इतक्या वर्षांत तू मला काही सांगितलंस असं पहिल्यांदा वाटलं. इथे आल्याचं बरं वाटतंय आणि तुझ्या ओळीने जीव तिकडे ओढलाय, दोन्ही. रविवारी सुट्टी आहे, येऊ का? मग विचारलं, पण खरं सांग, तुला खरंच असं होतंय?
प्रश्न सरळ होता. उत्तर अचूक देणं भाग होतं. तपासणीत न टिकणाऱ्या विधानावर मी कधी खरं म्हणून सही केलेली नाही. म्हटलं, छे, सरावासाठी लिहिलं होतं. मुलीने तंत्र शिकवलं.
असं होय, म्हणाली. मग गाडी सर्व्हिसिंगला दिलीस का, विचारलं. मी म्हटलं, देतो. काळजी घे म्हणाली. रविवारी येण्याचं पुन्हा काढलं नाही.
बोलणं व्यवस्थित झालं. बोलणं संपल्यावरही फोन बराच वेळ हातातच होता. काही वाटलं नाही.
रविवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकतो. दिवस मोकळाच आहे.