माहिती देणारी: डेला स्प्राउस

५ मार्च १९२८, व्हर्जिनिया
खोलीला मोठी खिडकी, दारावर पाटी: मिस हुदाक. आमच्या घरातली पहिली पदवीधर! सुप्रजननाच्या कार्यालयात शिकलेलं आता मंदबुद्धींना ठेवायच्या या सरकारी वसाहतीच्या कामी येईल. मंदबुद्धीचा वंश थांबला तर गरिबीच थांबेल, यावर माझा विश्वास आहे. मुख्य डॉक्टर लॅथम हसून म्हणाले, "तुझा बाप अमेरिकेत वेळेवर आला हं! चोविसच्या स्थलांतर कायद्याने तुम्हा स्लोव्हाकांना दार जवळजवळ बंदच केलंय." मीही हसले. शरदात आंद्रेशी माझं लग्न. त्याला चार मुलं हवीत, मला पाच.

९ मार्च
डोंगरातल्या घरांतून वंशावळ काढली. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, मंदबुद्धी असेल तर काळं. मेलेल्यांचं शेजारणी सांगतात. "डेलाची आजी? ठार खुळी होती गं पोरी!" तेवढ्यावर वर्तुळ भरलं. 'माहिती देणारी: शेजारीण.' वसाहतीत नुकतीच आणलेली ही डेला स्प्राउस अठरा वर्षांची, लग्नाआधी आई झालेली. तिचंही वर्तुळ भरलं.

२१ मार्च
वसाहतीच्या मंडळापुढे डेलाची सुनावणी वीस मिनिटांत आटोपली. तिच्यासाठी नेमलेल्या वकिलाने काही विचारलंच नाही. पुरावा माझाच तक्ता. नसबंदी मंजूर, अपिलाला तीस दिवस. तिला सांगितलंय, अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे.

२९ एप्रिल
ऑपरेशनची जखम चिघळली. डेला आज गेली. वसाहतीच्याच दफनभूमीत पुरली.

२ मे
टेबलावर एक तक्ता. अक्षर माझं, खाली सही माझी. पण कुटुंब आमचं. मामा: दारुडा. आजी: वेडी. हे मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही. 'माहिती देणारी: डेला स्प्राउस.' मी तो जाळला.

४ मे
पुन्हा तोच. शाई ओली. माझं वर्तुळ अर्धं काळं.

९ मे
आता पूर्ण काळं. प्रत डॉक्टरांच्या फायलीत पोचली. हा मी लिहिला नाही, मेलेल्या बाईने सांगितलंय, असं ओरडले. ते हळहळले. म्हणाले, "अक्षर तुझंच. आणि हा भ्रम म्हणजे आजीचंच रक्त." लग्न ठरलंय म्हटलं, तर म्हणाले, मग घाई करायला हवी.

११ जून
आज माझी सुनावणी. तोच वकील. तीच वीस मिनिटं. अपील करा म्हटलं— त्याने घड्याळ पाहिलं—

२ जुलै
डेला रोज येते. खाटेवर बसते. "मिस, पाच म्हणाला होतात ना? माझं तर एक होतं. तेही काढून नेलं." हसते. माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही—

१३ जुलै
ऑपरेशनच्या टेबलावर झोपवतायत. पेन्सिल उशाखाली होती— हात बांधायच्या आत—
डॉक्टर हात धुतायत. शेजारी ती. तिच्या नखांतली माती जात नाहीये. सुरी तिने उचलली, डॉक्टरांनी नाही, कुणी बघत का नाही, ती म्हणतेय, हलू नका मिस, माझ्यावर झालं तेव्हाच शिकलेय मी हे—