शह न सांगता

चारकोप, सेक्टर दोन
१४ सप्टेंबर २०२५

चि. निलेश,

अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? दिवसभर त्या खुर्चीत बसून मीटिंगा करतोस, मधूनमधून उठत जा. श्वेताची सर्दी गेली का? गंधालीच्या डोळ्यांना नवा चष्मा लागला म्हणे. चष्मा तिला शोभेल, तिचं नाक आपल्या घराण्याचं आहे. तुमचा तो पांढरा बोकाही मजेत असेल. सांताक्रूझच्या घरातल्या सगळ्यांची विचारपूस झाली. आणखी एका माणसाची करायला हवी होती, पण ती तुझ्याकडे नाही. तिकडे मग येतो.

माझं बरं चाललंय. सकाळी उद्यानात माणिकरावांशी एक डाव, मग पेपर. पेपर वाचला की माझं डोकं फिरतं. जागावाटप अडलं की ‘स्टेलमेट’. कोणी आमदार फोडला की ‘चेकमेट’. एका साबणवाल्या कंपनीनं वडीचा भाव उतरवला, तर छापलं ‘धाडसी गॅम्बिट’. माणिकराव म्हणाले, “दत्ताराम, आपण उगाच लाकडी सोंगट्या घेऊन बसलोय. खरा खेळ तिकडेच चाललाय.” म्हटलं, छापू देत. शब्दांना पाय असतात, ते हिंडणारच. आपण नाही का शह-काटशह म्हणत, तापावर मात केली म्हणत? हे शब्दही कुठल्या कुठून चालत आलेत, आणि आपल्या तोंडी बसलेत.

पण निलेश, तू हेच शब्द आईच्या मुलुंडच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत वापरलेस. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. तुझ्या आईला निरोप द्यायला आलो होतो मी, लक्षात असेल तर.

तू कमिटीतर्फे उभा राहून म्हणालास, “मंडळी, सध्या स्टेलमेट आहे. तळमजल्याचे पाच जण सही देत नाहीत. तो तोडायला मी एक गॅम्बिट खेळलोय. माझ्या आईनं आजच खोली खाली केली. आता बोला!” आणि तळमजल्याच्या शेवंतीकडे बोट करून हसलास, “चेकमेट, शेवंतीताई.”

टाळ्या पडल्या.

अरे, तुला हा खेळ शिकवला कुणी? ज्याची खेळी आहे त्याच्या राजाला शह नाही, पण हलवायला एकही घर नाही, कुठली सोंगटी हलत नाही, त्याला स्टेलमेट म्हणतात. डाव तिथेच संपतो, बरोबरीत. त्याला तोडायचं नसतं, सोंगट्या डब्यात भरायच्या असतात. आणि शेवंतीची काय हालचाल बंद होती? तिची मागणी एका ओळीची होती: नव्या इमारतीत तळमजलावाल्यांना कुठला मजला मिळणार, ते करारात लिहून द्या. बिल्डरनं एक ओळ लिहिली असती तर डाव पुढे सरकला असता. अडून बसले होते तुम्ही, आणि नाव दिलंत स्टेलमेटचं.

गॅम्बिटचं ऐक. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, समोरच्याचंही तसंच, मग आपण आपल्या राजाच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं सरकवून समोरच्याच्या तोंडाशी ठेवतो. घे म्हणतो. त्यानं ते घेतलं तर मध्यावर आपला जोर वाढतो, उंट-हत्तीच्या वाटा मोकळ्या होतात. पण आपल्याच राजाची कड उघडी पडते, वजीर तिरका येऊन शह देऊ शकतो. म्हणून शहाणा माणूस दहादा विचार करतो. आणि समोरचा म्हणू शकतो, नको मला तुझं प्यादं. शेवंती आणि तिच्या शेजारचा लवू तेच म्हणाले. सही दिली नाही. तुझं प्यादं मात्र पुढे जाऊन बसलं. प्यादं मागे चालत नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तुला.

तुझी आई प्यादं नाही रे.

वहिनीला तू सांगितलंस, “आई, इमारत उभी राहीपर्यंत तू आमच्याकडे.” तिनं शेजाऱ्यांना लोणच्याच्या बरण्या वाटल्या, तुळस लवूकडे ठेवली. आणि तू तिला मानखुर्दला भाड्याच्या खोलीत सोडलंस, चौथ्या मजल्यावर. का, तर गंधालीची परीक्षा. लिफ्ट बंद, गुडघे असे. लवूनं मंगळवारी मला फोन केला, “काका, काकी खाली उतरूच शकत नाही, पाववाल्याला वरून पिशवी सोडते.” मी जाऊन घेऊन आलो.

तर ती इथे आहे. तिची विचारपूस वर का केली नाही, ते कळलं असेल. आत्ता ती स्वयंपाकघरात कुळथाची पिठी ढवळते आहे आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुटपुटते आहे, “त्येका जास्त बोलू नका हां भावोजी. जेवताना पत्र वाचील तर घास अडकात.”

मी बोलणार. आपल्या घरात एक नियम होता, आठवतो? शह द्यायचा तर तोंडानं सांगायचा. न सांगता दिलेला शह धरायचा नाही, खेळी परत. तुझे बाबा असते तर पट उधळून उठले असते. तू आईला न सांगता कोंडलंस. मागाहून सभेत तिच्या नावावर टाळ्या घेतल्यास.

आता चेकमेट. राजाला शह बसला की तीन वाटा बघायच्या: राजा हलव, मध्ये काही आड घाल, नाहीतर शह देणाऱ्यालाच मार. तिन्ही बंद झाल्या तरच मात. तू आधीच ओरडलास. करार अजून नोंदलेला नाही, मी वकिलाला विचारून आलो. परवा वहिनीला म्हटलं, “तुझी खोली आता गेली असं समज.” तिनं पदराच्या गाठीतून काहीतरी काढून ताटाशेजारी ठेवलं.

“माका तुमच्या खेळातला काय्येक कळणा नाय,” ती म्हणाली. “पण निलेशान एक चावी घेतली. दुसरी माझ्याकडेच आसा.”

निलेश, मला हसूच आवरेना. मग रडूही आवरेना.

तर घरच्या नियमानं तोंडानं सांगतो. शह. येत्या रविवारी सकाळी मी तिला मुलुंडला घेऊन जातोय. लवू तुळस परत आणून ठेवेल, शेवंती चहा करेल. खोली तिच्या नावाची आहे, सहीही ती करार स्वतः वाचून देईल, तिला मजला लिहून मिळाला की. तोवर बिल्डरच्या माणसानं दार वाजवलं तर दारात खुर्ची टाकून मी बसलेला असेन, पट मांडून. तुझ्या वाटा तू बघ. दाराशी येऊन आडवा उभा राहा, नाहीतर कमिटी सोड, नाहीतर आईची पिशवी उचलायला ये. मी सुचवणार नाही, खेळी तुझी.

आमच्या तब्येतीची चिंता करू नको. वहिनीचे गुडघे तेवढे सुजलेत. तेल लावतो म्हटलं तर लाजते.

रविवारच्या आत उत्तर धाड. मला नको, तिला. आणि त्यात खेळातला एकही शब्द नको. तिला कळेल असं लिही.

तिच्या बाजूनं बसलेला,
तुझा दत्ताकाका