वेणी, चौकोनी टोपी आणि खोडलेली एक ओळ

मु. धाटाव, रोहा
बुधवार, पहिल्या शिफ्टनंतर

तीर्थस्वरूप सगुणाआत्यास,
तुझ्या मोठ्या भाच्याचा, साईराजचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात पेन आहे, तेव्हा तो हात मनातल्या मनात जोडला.)

तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी तू म्हणालीस, डावा दुखतो आणि उजवा त्याला साथ म्हणून दुखतो. त्या तेलाचा उपयोग होत नसेल तर निदान वासाने घरात मांजर येत नसेल, एवढं समाधान मान. वाल कितपत आले? कासूच्या स्टेशनात गाडी थांबली की तुझ्या परसाकडे आपोआप मान वळते, पण गाडी मिनिटभरच थांबते. इकडे माझी तब्येत ठीक आहे. सकाळी डबा, दुपारी कँटीन, संध्याकाळी खोलीवर जे मी भात म्हणून शिजवतो ते. आजारी पडायला सवड आहे, पण विचारायला कुणी नाही, म्हणून पडत नाही.

तर आत्या, कागद घेऊन बसण्याचं कारण असं की तुझ्या कानावर आलं असणार, साईराजने मृणालीची कापलेली वेणी फोनवर टाकली आणि सगळ्या जगाला दाखवली. बातमी खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी मी सांगतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या एकदम दे.

मृणालीला पदवी मिळायची होती त्या दिवशी मी येणारच होतो. तिसरी शिफ्ट सकाळी सातला सुटते, साडेसातची गाडी, पेणला उतरून कॉलेजात आरामात पोचलो असतो. इस्त्रीचा शर्टसुद्धा पिशवीत घालून नेला होता. पण आमच्याकडे पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन प्लांट हातात घेतल्याशिवाय आधीच्याने हलायचं नाही, असा नियम आहे. (नियम बरोबर आहे. रिअॅक्टर तापत असताना सगळेच बहिणीच्या समारंभाला गेले तर तालुक्याचं काय होईल.) त्या दिवशी माझ्या जागी येणाराच आला नाही. त्याची मोटारसायकल म्हणे कोलाडला बसली. मला डबल करावी लागली, दुपारी तीनपर्यंत. आपल्या घराण्यातली पहिली बी.एस्सी. काळा झगा घालून स्टेजवर चढत होती, तेव्हा तिचा भाऊ दर अर्ध्या तासाला तापमान लिहीत होता. रसायनशास्त्र ती शिकली. मी आयटीआयवाला, मला फक्त कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा ते माहीत.

आमच्याकडे फोन आत नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवायच्या सुट्टीत उघडला तर मृणालीचा फोटो आलेला. झगा, चौकोनी टोपी, हातात पदवीची फाइल. खाली एक अक्षर नाही. ‘आला नाहीस’ असंसुद्धा नाही. आत्या, तिने भांडण काढलं असतं तर मी घास तरी गिळला असता.

मग मी ठरवलं की हा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा आणि खाली असं काही लिहायचं की तिला हसू आलं पाहिजे. (फोटोखाली लिहितात त्याला कॅप्शन म्हणतात. आपल्याकडे नाक्यावर अभिनंदनाचा फलक लावतात तसंच, फक्त यात शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले फोटो नसतात.) ऋत्विक म्हणून माझा एक सोबती आहे, तो या विषयातला जाणकार. त्याने कँटीनमध्येच मला शिकवलं. कॅप्शनची पहिली ओळच लोकांना दिसते, बाकीचं ‘आणखी’वर बोट ठेवल्याशिवाय उघडत नाही, म्हणून जे काही आहे ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे. अभिमान सांगायचा, पण सुरुवातीलाच ‘अभिमान आहे’ असं लिहायचं नाही. जुनं भांडण एखादंच घ्यायचं, यादी द्यायची नाही. आणि थट्टेत आपण तिच्यापेक्षा जास्त मूर्ख दिसलो पाहिजे. ही शेवटची अट मला सोपी वाटली.

एवढं सांगून त्याने स्वतःच्या फोनमधल्या त्या हुशार यंत्राकडून मला एक तयार कॅप्शनही काढून दिलं. त्यात होतं, ‘रिमोटसाठी भांडणारी माझी छोटी परी आज पदवीधर झाली.’ आता तूच सांग, आपल्या टीव्हीला रिमोट कधी होता? बटण तुटल्यावर आपण चॅनल पकडीने फिरवायचो. आणि परी म्हणे. माझ्या मनगटावर जे चार दातांचे वण आहेत ते काय परीचे आहेत? तू तेव्हा म्हणाली होतीस, “गो मृणाली, सोड त्याला. नायतर सुई टोचायला पेणला न्यावा लागंल.” मला वाटलं होतं तू माझी बाजू घेतेस. तू एसटीचं भाडं वाचवत होतीस.

जेवण करून मी परत आत गेलो. फोन लॉकरमध्ये, कॅप्शन डोक्यात. समोर फक्त तापमान लिहायचं लॉगबुक. आणि आत्या, मी लॉगबुकातच लिहायला सुरुवात केली. शेऱ्याच्या रकान्यात. पहिला मसुदा होता, ‘मृणाली, तुझा आम्हाला सदैव अभिमान राहील.’ वाचला तर तेराव्याच्या पत्रिकेसारखा वाटला. दुसऱ्यात वेणी, चावा, वालाच्या शेंगा भाजताना पोपटीच्या मडक्यातून मी पळवलेलं अंडं, तिने विहिरीत टाकलेली माझी चप्पल, सगळं तारीखवार आलं. तो पोलीस ठाण्यात देण्यालायक होता. असे चार झाले. मग भानावर आलो. लॉगबुकाच्या पानांवर नंबर असतात, पान फाडता येत नाही. खाडाखोडही करता येत नाही. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही आणि वेळ टाकायची. मी चारही मसुद्यांवर इमानदारीत रेघा मारल्या, सह्या केल्या. एका ओळीवर मात्र पेन घासून घासून ती काळी करून टाकली.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी शेवटी हे टाकलं. दोन फोटो. आधी टोपीवाला, आणि बोटाने सरकवलं की मागे शाळेतला, ज्यात तिचे केस मुलासारखे आहेत. खाली असं:

‘जिची वेणी मी शाळेच्या फोटोच्या आदल्या दिवशी कापली, तिच्या डोक्यावर आज ही टोपी बसली आहे. सरळ बसलेली नाही, पण टोपीचा दोष नाही, ते डोकं पहिल्यापासून हट्टी. आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. ती स्टेजवर होती तेव्हा मी प्लांटवर होतो. टाळ्या वाजवल्या, हातमोज्यांमुळे आवाज आला नाही. मृणाली, अभिनंदन. पोपटीतलं अंडं इथून पुढे तुझं.’

चौऐंशी जणांनी बदाम दिले. ऋत्विकने हसून लोळणारी तोंडं टाकली. पण मृणालीचं काही नाही. मी तिला त्यात टॅग केलं, म्हणजे तिचं नाव फोटोला जोडलं. तिने फोनात असं ठरवून ठेवलंय की कुणी नाव जोडलं तर तिने हो म्हटल्यावरच तो फोटो तिच्या पानावर दिसावा. ते बरोबरच आहे. पण रोज गेटवर फोन हातात आला की मी आधी तिचं पान उघडून बघतो. पाच दिवस झाले. अजून हो म्हटलेलं नाही. सोमवारी वाटलं, शाळेतल्या फोटोमुळे रागावली असेल, म्हणून तो काढून टाकायचं ठरवलं. मग वाटलं, राग त्याचा नाहीच.

मंगळवारी दिनानाथसाहेबांनी बोलावलं. ते आमचे शिफ्टचे साहेब. समोर लॉगबुक उघडं. मला वाटलं नोकरी गेली. पण त्यांनी वेणी वाचली होती, चप्पल वाचली होती, आणि त्याबद्दल फक्त एवढंच म्हणाले की पुन्हा कागद लागला तर मागून घे. मग त्या काळ्या डागावर बोट ठेवलं. म्हणाले, “खोडलेलं पण वाचता आलं पायजे. हितं काय व्हतं?” मी म्हटलं, काही नाही साहेब, घरगुती. ते म्हणाले, मग लेखी खुलासा दे, तपासणीला लोक येतात.

आत्या, मी कंपनीच्या कागदावर लिहून दिलं, ‘सदर ठिकाणी “खोली लहान नव्हती” असे लिहिले होते.’ साहेबांनी वाचलं आणि सही केली.

तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी बारावी झाल्यावर मृणालीने विचारलं होतं, दादा, मी रोह्याला येऊन राहू का, तिथल्या कॉलेजात जाईन, तुझं जेवण पण करीन. मी म्हटलं, खोली लहान आहे. तिने पुन्हा विचारलं नाही. तीन वर्षं कासूहून पेणला गाडीने जात-येत राहिली. आणि खोली लहान नव्हती गं. मला नुकता पगार सुरू झालेला, मित्र यायचे, मला कुणी विचारणारं नको होतं. ते मित्र एकेक करून लग्न करून गेले. आता या खोलीत मी एकाच कोपऱ्यात झोपतो आणि बाकीची खोली तशीच पडून असते. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून कुणाशी बोललो नाही, हे दुधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणताना घोगरा आवाज निघतो तेव्हा कळतं.

ही गोष्ट मी कॅप्शनमध्ये घातली नाही. कॅप्शन नंतर बदलता येतं, पण चौऐंशी लोकांसमोर माफी मागितली की ती तिच्यासाठी राहत नाही. त्यातली थट्टा सगळी खरी होती, फक्त जे भांडण आम्ही कधी भांडलोच नाही ते तिथे नव्हतं.

बाकी इकडे ठीक. रविवारी ती हैदराबादला नोकरीवर निघणार, हे मला ऋत्विककडून कळलं, आणि ऋत्विकला तिच्या पानावरून. तिच्या बॅगेत पोह्याचे पापड घाल. गुडघ्यांना जप.

तुझा,
साईराज

ता. क. वाल सोललेले असतील तर पाव किलो पाठव. पत्र लिहिण्याचं मुख्य कारण तेच.

ता. क. २. ते मुख्य कारण नाही. तुला अक्षर लागत नाही, आणि आलेली चिठ्ठी तुला मृणालीच मोठ्याने वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. तेव्हा मृणाली, इतका वेळ तू ‘मृणालीने’ असं स्वतःचंच नाव वाचत होतीस, त्याबद्दलही माफ कर. शनिवारी मला सुट्टी आहे. संध्याकाळच्या गाडीने रोह्याला ये. एक रात्र राहा. रविवारी पनवेलपर्यंत मी सोडायला येतो. खोली झाडली आहे, मधोमध तुझी गादी घातली आहे, मी कोपऱ्यातच असतो.

ता. क. ३. आत्या, वाचणारी इथे थांबली असेल तर तिला घाई करू नकोस. पुढे काही लिहिलेलं नाही.