कडीतलं पान

२४ सप्टेंबर, बुधवार

हॉलच्या चिटणीसांनी गळ घातली. दसऱ्याच्या मेळाव्याला स्पीकर माझे असतातच, यंदा निवेदनही मीच करायचं. सोनं म्हणून पानं का वाटतात, गोष्ट काय, त्यातून सद्भावना कशी — दहा मिनिटांची संहिता लिहून आणा म्हणाले. 'तुमचा आवाज आहे हो!' आवाज आहे. पण फुकटात काम काढून घेताना लोकांना तो जास्तच गोड लागतो. हो म्हणालो.

खरी बातमी वेगळीच. गोदामात माझा मिस्त्री केबल गुंडाळत फोनवर बोलत होता. मी पडद्यामागे. माझे कान म्हणजे काय — शंभर माणसांच्या गलक्यात कुठला स्पीकर फाटलाय ते सांगतो. मिस्त्री म्हणत होता, "दसऱ्याला दादा लवकर उठतात. गेल्या वर्षी थोडक्यात वाचलात." मला पाहिलं आणि फोन खिशात. कोण होतं विचारलं तर म्हणे, मेव्हणा.

मेव्हण्याला 'वाचलात'? आणि माझ्या उठण्याशी त्याच्या मेव्हण्याचं काय?

२५ सप्टेंबर

मेव्हणा नव्हता. धाकटा होता. चहावाल्यानं न विचारता सांगितलं — तुमचे बंधू काल मिस्त्रीबरोबर इथंच होते की!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

धाकट्याशी बोलणं तुटलं त्याला बरीच वर्षं झाली. धंदा दोघांनी मिळून उभा केला. हातगाडीवर भोंगे लादून मी ओढायचो, तो मागून रेटायचा. मग त्याला नवी यंत्रं हवी झाली, मला जुनी गिऱ्हाइकं. वाटणी झाली. गोदाम माझं, आईचं जुनं घर त्याचं. त्या दिवशी सगळ्यांदेखत तो म्हणाला होता, "तुला भाऊ नकोच होता दादा, हमाल हवा होता." ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. ऐकू कमी आलं असतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात तेवढ्या एकदाच वाटलं.

आता तो माझा मिस्त्री फोडतोय. मिस्त्री गेला की हॉलचं काम गेलं. दसऱ्याला सकाळी मी बेसावध असताना काहीतरी घाट आहे. मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. मेळावा पार पडला की मिस्त्रीला नारळ!

२७ सप्टेंबर, शनिवार

संहिता लिहायला बसलो. बायको भाजी निवडत ऐकत होती.

गोष्ट अशी. कौत्स हा वरतंतू ऋषींचा शिष्य. शिक्षण संपलं, गुरुदक्षिणा काय देऊ म्हणून हटून बसला. गुरू नको नको म्हणत होते. शेवटी वैतागून म्हणाले, चौदा विद्या शिकवल्या, आण चौदा कोटी सुवर्णमुद्रा. कौत्स रघुराजाकडे गेला. रघूनं नुकताच विश्वजित यज्ञ करून सगळं दान केलेलं. पाहुण्याचं स्वागतसुद्धा मातीच्या भांड्यानं! कौत्स ओळखून परत निघाला. राजानं थांबवलं आणि थेट कुबेरावर स्वारीची तयारी केली. कुबेरानं धसका घेऊन रातोरात आपट्याच्या आणि शमीच्या झाडांवर सोनं पाडलं. कौत्सानं मोजून चौदा कोटी घेतले. उरलेलं घ्यायला तो तयार नाही, ठेवायला राजा तयार नाही. मग लोकांना सांगितलं, लुटा! म्हणून आपण 'सोनं लुटणं' म्हणतो आणि आपट्याचं पान देतो.

इथवर झकास. पुढं 'म्हणून सद्भावना' लिहिलं आणि अडलो. फुकट सोनं मिळालं तर कोणाच्याही मनात सद्भावना येईल!

बायको म्हणाली, "अहो, ते दोघं 'तुझं तुला' म्हणून भांडले. तुम्ही दोघं 'माझं मला' म्हणून."

मी म्हटलं, भाजी निवड.

रात्री तेच वाक्य जरा घासूनपुसून संहितेत घातलं. नाव माझं, अक्कल तिची. हे नेहमीचंच.

२९ सप्टेंबर, सोमवार

मेळाव्यासाठी कांचनाच्या पानांची दोन पोती घेऊन आलो. आपटा समजून घेतली होती, हे सांगायला नको! वाटेत रोपवाटिकेत गेलो, संहितेत झाडाबद्दल दोन ओळी हव्या होत्या. मालकीणबाईंनी पोत्यात हात घातला आणि हसल्या. "सोनं नाही हे, सोन्याचा मुलामा." बाजारात बहुतेक कांचनच येतो म्हणे. दोन्हींची पानं जोडपानासारखी, म्हणून गिऱ्हाईक फसतं. पण कांचनाचं मोठं, पातळ, मऊ. आपट्याचं लहान, जाड, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदी जास्त. ओरबाडून ओरबाडून लोकांनी आपटा संपवत आणलाय. "एक पान पुरतं. फांदी कशाला तोडायची?"

आईसुद्धा असंच म्हणायची. जुन्या घरामागं तिनं लावलेला आपटा होता. दसऱ्याला फांदीला हात लावू द्यायची नाही. माणशी एक पान. आधी देवापुढं, मग धाकट्यानं मला द्यायचं, पाया पडायचं, 'सोनं घे दादा' म्हणायचं. तो पाया पडता पडता पोटरीला चिमटा काढायचा.

हे संहितेत घातलेलं नाही.

३० सप्टेंबर

मिस्त्री आज नजर चुकवत होता. पगारवाढ हवी का, विचारलं. नको म्हणाला! पगारवाढ नको म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पाणी मुरतंय.

१ ऑक्टोबर, बुधवार

संहिता पुरी. सीमोल्लंघनावरही लिहिलं — पूर्वी गावाची शीव ओलांडून जायचे, येताना पानं आणायचे, मग घरोघर. धाकट्यांनी थोरल्यांकडे जायचं. मुद्दा पानाचा नाही, उंबऱ्याशी कोणीतरी येण्याचा आहे. चिटणीसांना फोनवर वाचून दाखवली. गहिवरले. मी कोरडा. हातून चांगलं लिहून होतं आणि मनाला त्याचा पत्ता नसतो.

उद्या पहाटेपासून दारामागं खुर्ची टाकून बसणार. काय घाट आहे तो डोळ्यांनी बघतो.

बायको म्हणाली, "बसूच नका." का, ते सांगेना. हीसुद्धा सामील?

२ ऑक्टोबर, दसरा

उजाडता उजाडता कडी वाजली. अगदी हलकी. दरवर्षी वाजते, दरवर्षी कडीत एक पान खोचलेलं असतं. शेजारचे लावतात म्हणून मी कधी पाहिलंही नाही. बायको उचलून देव्हाऱ्यात ठेवते.

आज मी दाराला कान लावून होतो. बाहेर कोणीतरी चपला हातात घेऊन अनवाणी जिना उतरत होतं. मग खाली तो खोकला. गाडी रेटताना मागून यायचा, तोच.

दार उघडलं. पान काढलं. लहान. जाड. खरखरीत.

देव्हाऱ्यातलं गेल्या वर्षीचं वाळलेलं शेजारी ठेवलं. तेच. "आणखी हवीत?" म्हणून बायकोनं पोथीच्या कापडातून जुनी काढली. सगळी आपट्याची.

"सांगितलं का नाहीस?"

"भाऊजींनी शपथ घातली होती. म्हणाले, दादाला कळलं तर तो पान परत पाठवील."

पाठवलं असतं. खरंच पाठवलं असतं.

२ ऑक्टोबर, थोड्या वेळानं

मिस्त्रीला फोन केला — आज मेळावा तू सांभाळ, संहिता चिटणीसच वाचतील. धाकट्यांनीच थोरल्यांकडे जायचं, हे त्यात मीच लिहिलंय. वाचू देत. घरात दोन पोती कांचन, आपटा फक्त त्याच्याकडे. पोत्यातलंच एक पान खिशात घातलंय. तो लगेच ओळखेल. ओळखू दे. निघतो.