येसूबाईंच्या दारची पंगत

प्रिय रंगू,

तुझं पत्र बाबांनी कोंडाजीकाकांना मुद्दाम बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. ‘मला लग्न साधंच हवं, महाडच्या विहारात. पांढरी साडी, दोन हार, आलेल्यांना चहा-लाडू. बास.’ वाचून म्हणाले, ही खरी माझी लेक! मी तिथेच बसून तांदूळ निवडत होते. मग मी कोण गं? माझंही लग्न त्याच विहारात, तसंच झालं ना? फक्त मला कुणी विचारलं नव्हतं. मी हळद मागितली, बाजा मागितला, रडले, जेवले नाही. बाबा तत्त्वाला चिकटून राहिले. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि संध्याकाळी सासरी भाकऱ्या थापत होते. मी रडून केलं त्याची कुणाला आठवण नाही, आणि तू अलिबागला नर्सिंगच्या होस्टेलवर बसून दोन ओळी लिहिल्यास तर बाबांची छाती फुगली. जळते मी तुझ्यावर. आता जळते तर जळते.

आणि तुझं नशीब तरी बघ! मी मागून मिळालं नाही ते तुझी होणारी सासू हात जोडून द्यायला बसली आहे. रविवारच्या बैठकीत येसूबाईंनी सांगितलं, दोन्ही घरी हळद, दारात मांडव, बाजा, सगळ्या गावकीला जेवण. बाबा म्हणाले, पन्नास माणसं, एक सकाळ. थोरलीला केलं तेच धाकटीला. सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी कपात चहा ओतत राहिले. तुला मिरवू द्या असं मी का म्हणावं? तुझा मुरारी आईपुढे तोंड उघडत नाही, तो जमीन उकरत बसला. येसूबाई चहाला न शिवता उठल्या. त्यांच्या गावकीचे हैबतीबुवा जाताना म्हणाले, पुढच्या रविवारी शेवटची बैठक, नाय जमलं तर ज्याची वाट त्याला.

बुधवारी मी एसटीने पोलादपूरला उतरले आणि आंबेनळीच्या रस्त्याने त्यांच्या वाडीत गेले. तुझ्यासाठी नाही. एवढं सगळं द्यायला निघालेली बाई आहे तरी कशी, ते बघायचं होतं. घरात दोन खोल्या आणि दारात लाकडाची मोळी. नवरा गेल्यावर त्यांनी मजुरी करून मुरारीला शिकवलं. मला वाटलं होतं तसा थाटाचा हव्यास नव्हताच. त्यांच्या गावकीत लग्न निघालं की घराघरातून लाकूड येतं, बायका वाटण वाटतात, पुरुष भात उतरवतात आणि सगळी एका पंगतीला बसतात. म्हणाल्या, “मी इतकी वर्सं लोकांच्या दारात जेवलेय गो. माज्या दारात पंगत नाय बसली तर माज्या मयताला कोन येल?” बाबांनी हा हिशेब कधी मांडलाच नव्हता, आणि तूही नाही.

मग बसलो दोघी भांडत. लग्न माझ्याच दारात, हे त्या सोडेनात. मी म्हटलं, विधी महाडला विहारातच, बौद्धाचार्य सांगतील तसा. मुहूर्त नाही, हुंडा नाही, लुगड्या-धोतरांचा मानपान नाही. अक्षतांऐवजी फुलं. दुसऱ्या दिवशी पंगत तुमच्या दारात, लाकूडफाटा आणि रांधणं गावकीचं. बाजा फक्त वाडीच्या तोंडापासून दारापर्यंत. त्या कबूल झाल्या, पण नव्या सुनेनं पहिल्या पंगतीला स्वतः गोड वाढायचं. ते मी मान्य केलं, तुला न विचारता. हळद त्यांच्या घरी मुरारीला लागेल आणि उरलेली आपल्या घरी येईल, हेही मीच घालून घेतलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, काशी, तुझ्या वेळी का नाही असं बोललीस? मी म्हटलं, बोलले होते बाबा, तुम्ही ऐकलं नव्हतंत. त्यांनी चष्मा काढून पुसला. आता म्हणतात, रंगूने हो लिहिलं तर माझी हरकत नाही. तेव्हा सगळं तुझ्यावर आलंय. शनिवारपर्यंत पत्र नाही आलं तर रविवारी बाबा पन्नास माणसांवरच अडून बसतील, येसूबाई उठतील, आणि मुरारीसारखा पोरगा हातचा जाईल.

तत्त्वाचं मला सांगू नकोस. विहारातला विधी तुझाच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. आणि मी हे सगळं तुझ्या भल्यासाठी केलं असंही समजू नकोस, मी एवढी चांगली नाही. ती हळद मी माझ्यासाठी मागून घेतली आहे. तुझ्या गालाला लागायच्या आधी, आपलं दार लोटून घेऊन, पहिलं बोट माझ्या गालाला लाव. दोन पोरांची आई आहे, लोक हसतील म्हणून दार लोटायचं. हो लिही गं.

तुझीच, तुझ्यावर जळणारी,
काशीताई